कार्टनच्या फोटोवरून माल ओळखायचा कसा? (स्टीलच्या बाटल्या, ३०० नग)

मृणाल_कर्वेनगर · सोमवार, सकाळी १०:४०

माझं कर्वेनगरला भेटवस्तूंचं छोटं दुकान आहे. सदाशिव पेठेतल्या एका क्लासकडून ३०० बाटल्यांची ऑर्डर मिळाली आहे. स्टीलची, ५०० मिलीची, गरम-गार टिकवणारी व्हॅक्यूम बाटली हवी आणि वर क्लासचं नाव लेझरने कोरून द्यायचं आहे. भिवंडीच्या एका पार्टीने २१० रुपये नग असा भाव सांगितला. नमुन्याची एक बाटली कुरिअरने आली, ती खरंच छान आहे. रात्री दहाला उकळतं पाणी भरलं, ते सकाळी सहालाही चांगलं गरम होतं.

या आठवड्यात मला भिवंडीला जाणं जमणार नाही. गुरुवारपर्यंत निम्मे पैसे भरले तरच माल धरून ठेवतो, असं तो म्हणतो. मी म्हटलं, निदान कार्टनचे फोटो तरी पाठवा. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन पाठवले. एका बाजूला चौकटीत दोन अक्षरं आणि खाली गावाचं नाव आहे, दुसऱ्या बाजूला बारीक मजकूर. मला वाचता आलं तेवढं जसंच्या तसं देते. जिथे अक्षर फुटलंय तिथे प्रश्नचिन्ह आहे.

```
< K.M. >
MOMBASA
C/NO. 37
MADE IN CHINA

品名: 运动水壶
CAPACITY: ?50ML
QTY: 50 PCS
G.W.: 9.2 KGS
N.W.: 8.0 KGS
MEAS.: 37×37×54 CM
```

यावरून आत नमुन्यासारखाच माल आहे हे कळेल का? ६३ हजारांचा व्यवहार आहे, माझ्यासाठी ही रक्कम मोठी आहे.

---

निखिल_हिंजवडी · सोमवार, सकाळी ११:१५

ताई, सगळ्यात आधी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, काढून घ्या. डीजीएफटीच्या साइटवर पॅनकार्डावर ऑनलाइन मिळतो. त्याशिवाय चीनहून माल सुटत नाही. मग सीएचए शोधा, तो कस्टमचं सगळं बघतो. पहिल्या वेळी पूर्ण कंटेनर मागवू नका, दुसऱ्यांच्या मालाबरोबर थोडाच माल टाका.

---

मृणाल_कर्वेनगर · सोमवार, सकाळी ११:२२

निखिल, मी आयात करत नाहीये. माल भारतात आलेला आहे, भिवंडीच्या गोदामात पडून आहे. मी फक्त सहा कार्टन विकत घेणार आहे. पण आयईसीची माहिती पुढे उपयोगी पडेल.

---

अभिजित_रविवारपेठ · सोमवार, दुपारी १२:०५

आमचं रविवार पेठेत भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळे दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे बाटलीला लोहचुंबक लावा. चिकटला तर हलकं स्टील, नाही चिकटला तर ३०४ नंबरचं चांगलं स्टील. दुसरं, बारकोड बघा. ६९० ते ६९९ ने सुरू होत असेल तर चायना, ८९० असेल तर भारतात बनलेला माल. कार्टनवर बारकोड आहे का?

आणि पार्टीला विचारा की बिलावर वस्तूचा एचएसएन कोड कोणता टाकणार. व्हॅक्यूम बाटली ९६१७ मध्ये जाते. साध्या स्टीलच्या भांड्याबाटल्या ७३२३ मध्ये. तोंडाने माणूस काहीही सांगतो, पण बिलावर चुकीचा आकडा टाकायला कचरतो.

---

रेवती_भोसरी · सोमवार, दुपारी १२:४८

अभिजित, चुंबकाचं थोडं दुरुस्त करते. मी भोसरीत धातू तपासणीच्या लॅबमध्ये काम करते आणि आमच्याकडे याच गैरसमजाने लोक येतात. स्वस्त बाटल्यांत वापरतात ते २०१ स्टीलसुद्धा ३०४ सारखंच चुंबकाला दाद देत नाही. उलट ३०४ चा पत्रा ओढून-दाबून बाटलीचा आकार दिला की गळ्याशी किंवा तळाशी तो थोडा चुंबक धरू लागतो. म्हणजे चांगली बाटली चिकटते आणि हलकी चिकटत नाही, असंही होतं. चुंबकाने ४०० मालिकेतलं स्टील तेवढं पकडता येतं.

२०१ मध्ये निकेल कमी करून त्या जागी मँगनीज वाढवलेलं असतं. बाजारात मँगनीज तपासायचं थेंबांचं किट मिळतं, छोट्या बॅटरीसह. थेंब टाकून बॅटरी टेकवली की २०१ वर लाल रंग येतो, ३०४ वर तसा लाल होत नाही. पण त्यासाठी बाटली हातात हवी. फोटोवरून स्टीलचा दर्जा कुणीच सांगू शकत नाही.

---

गोदामकाका · सोमवार, दुपारी २:३०

मी २२ वर्षं न्हावा शेवाच्या मालाची ने-आण आणि गोदामाचं काम केलं, आता हडपसरला असतो. मृणाल, तुम्ही लेबल नीट उतरवून दिलंत, त्यामुळे बोलता येतं.

पेटीवर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. चौकटीतली अक्षरं, बंदराचं नाव आणि नग क्रमांक हा झाला मार्का. माल कुणाचा आणि कुठे जायचा, एवढंच मार्का सांगतो. हमालाला आणि टॅली घेणाऱ्याला पेट्या वेगळ्या काढता याव्यात म्हणून तो असतो. आत काय आहे ते बाजूच्या मजकुरात येतं. बहुतेक लोक मोठी अक्षरं म्हणून मार्काच वाचत बसतात. तुम्ही बाजूच्या मजकुराकडे बघा आणि त्यातही शब्दांच्या आधी आकडे बघा. शब्द कुणीही छापतं. वजन आणि माप मात्र जहाजाच्या भाड्याशी बांधलेलं असतं, त्यामुळे ते साधारण खऱ्याच्या जवळ असतं.

मला तीन गोष्टी द्या. नमुन्याच्या बाटलीचं वजन, खोक्यासकट आणि खोक्याशिवाय, स्वयंपाकघरातल्या काट्यावर चालेल. बाटलीची उंची आणि जाडी, आणि तिच्या छोट्या खोक्याचं माप. तिसरं, तेच फोटो पार्टीकडून डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि नेमका आकडा फुटतो. ते प्रश्नचिन्ह ५ आहे की ७, यावर सगळं अवलंबून असू शकतं.

पेटीचा फोटो घेताना दोन लगतच्या बाजू, मधली कड आणि वरची टेप एका चौकटीत यायला हवी. नुसत्या लेबलाचा फोटो कुठल्याही पेटीचा असू शकतो.

---

शिरीष_धनकवडी · सोमवार, दुपारी ३:१०

मोंबासा केनियात आहे! तिकडचा माल भिवंडीत काय करतोय? हा सरळसरळ चोरटा माल आहे. हात लावू नका.

---

गोदामकाका · सोमवार, दुपारी ३:३५

शिरीष, इतक्या लवकर तिथे पोचू नका. गिऱ्हाइकाने ऑर्डर सोडली की कारखाना तोच तयार माल दुसऱ्या देशात स्टॉकलॉट म्हणून विकतो, पेट्या बदलत नाही. कधी छापून उरलेल्या पेट्या दुसऱ्या मालाला वापरतात. दोन्ही मी स्वतः उतरवून घेतलेलं आहे. पण मार्क्यावरून एक गोष्ट नक्की कळते. हे छापलं तेव्हा माल भारतासाठी नव्हता. म्हणजे भारतात लागणारा मजकूर नंतर चिकटवलेला असायला हवा, आणि तो मला फोटोत दिसत नाही. त्याकडे नंतर येऊ.

---

सोनल_वाघोली · सोमवार, संध्याकाळी ५:२०

माझा अनुभव सांगते, वस्तू वेगळी आहे. दोन वर्षांपूर्वी मोबाईलचे चार्जर घेतले होते. कार्टनवर २०० पीस लिहिलेलं, मी २०० च्या हिशोबाने पैसे दिले. उघडलं तर १०० खोकी. प्रत्येक चार्जर आणि त्याची वायर वेगवेगळी मोजून २०० केलेले. पार्टी म्हणाली, लेबलवर काय चूक आहे, २०० वस्तू आहेतच. तेव्हापासून मी पीस, सेट आणि पेअर यांतला फरक आधी लेखी विचारून घेते. मृणाल, तुमच्या बाटलीला झाकण वेगळं मोजलेलं नाही ना, एवढं बघा.

---

मृणाल_कर्वेनगर · सोमवार, रात्री ९:०५

काका, मोजलं सगळं. नमुन्याची बाटली झाकणासकट २६२ ग्रॅम. छोट्या खोक्यात घालून २९८ ग्रॅम. बाटली ६.८ सेंमी जाड, २५.५ सेंमी उंच. खोकं ७.२ बाय ७.२ आणि उंची २६.३.

पार्टीला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं, तर "मॅडम काय एवढं बघता, बाटलीच तर आहे" म्हणाला. पण शेवटी पाठवला. आता अगदी स्वच्छ दिसतंय. ते ७ आहे. ७५० मिली. मी त्याला म्हटलं, मला ५०० हवी आहे. तो म्हणाला, मग चांगलंच आहे की, त्याच भावात मोठी मिळते!

---

गोदामकाका · मंगळवार, सकाळी ७:५०

आता हिशोब करू. घाई न करता वाचा.

आधी माप. तुमचं छोटं खोकं ७.२ सेंमीचं. पाच खोकी ओळीत ठेवली की ३६ सेंमी. अशा पाच ओळी म्हणजे ३६ बाय ३६ चा एक थर, २५ नगांचा. उंची २६.३, दोन थर ५२.६. पेटीचं बाहेरचं माप ३७ बाय ३७ बाय ५४. पुठ्ठ्याची जाडी वजा केली की २५ चे दोन थर चपखल बसतात, एकूण ५० नग. म्हणजे आत जे काही आहे ते बाहेरून तुमच्या नमुन्याएवढंच आहे. सोनलताईंची शंकाही इथे मिटते. ५० पीस म्हणजे ५० बाटल्याच, झाकणं वेगळी मोजलेली नाहीत.

आता वजन. नेट ८ किलो भागिले ५० म्हणजे १६० ग्रॅम. कारखाने नेट लिहिताना बहुतेक वेळा फक्त मोठी पेटी वजा करतात, छोटं खोकं धरलेलंच असतं. म्हणजे खोक्यासकट १६० ग्रॅम. तुमचा नमुना खोक्यासकट २९८. त्याच मालाची पेटी असती तर नेट १५ किलोच्या आसपास भरलं असतं, ८ नव्हे.

बाहेरून तेवढीच, पण वजनाने निम्मी. आणि वर ७५० मिली. आकार तोच असताना आतली जागा कशी वाढली? तर आतली दुसरी भिंत नाही म्हणून. व्हॅक्यूम बाटलीत एकात एक अशा दोन बाटल्या असतात आणि मधली पोकळी जागा खाते. ६.८ जाडीच्या एकेरी बाटलीत पाऊण लिटर मावतं, त्याच आकाराच्या दुहेरीत अर्धा लिटर. घरीच करून बघा. ३.४ चा वर्ग गुणिले ३.१४, गुणिले सरळ भागाची उंची सुमारे २१ सेंमी, म्हणजे ७६० च्या आसपास येतं. तो "मोठी मिळते" म्हणाला, ते मोठी असल्यामुळे नाही. आतलं भांडंच नाही.

माझ्या मते त्या पेटीत साध्या एकेरी पत्र्याच्या बाटल्या आहेत. उकळतं पाणी भरलं तर हातात धरवणार नाही.

---

अभिजित_रविवारपेठ · मंगळवार, सकाळी ९:१५

काका, हा हिशोब मी कधी केलाच नव्हता. आम्ही भांडी वजनावर घेतो, तरी बाटल्या मात्र नगावर घेतो आणि वजन बघत नाही.

पण लेबलवरचं वजन चुकीचंही असू शकतं ना? जुन्या ऑर्डरचं लेबल तसंच छापलं असेल तर? एकदम निष्कर्ष काढणं बरोबर वाटत नाही.

---

गोदामकाका · मंगळवार, सकाळी ९:४०

बरोबर बोललात. थोडाफार फरक मी सोडून देतो, कारण कारखाने नमुन्याची एक पेटी तोलतात आणि तोच आकडा सगळ्यांवर छापतात. इथे फरक जवळजवळ दुपटीचा आहे, आणि मिलीचा आकडा त्याच बाजूने बोलतोय. दोन स्वतंत्र खुणा एकाच दिशेला गेल्या की मी लेबलवर विश्वास ठेवतो. तरीही लेबल म्हणजे छापील कागद. पेटी काट्यावर ठेवल्याशिवाय खात्री नाही.

आणि उलट बाजूची मर्यादाही सांगतो. वजन जुळलं असतं, १५ किलो भरलं असतं, तरी "व्हॅक्यूम आहे" असं मी म्हटलं नसतं. दोन भिंती असतात पण मधली हवा काढलेलीच नसते, असाही माल येतो. वजन तेच, दिसायला तेच. त्यात उकळतं पाणी भरलं की दहा मिनिटांत बाहेरची बाजू कोमट लागते. ते फोटोत दिसत नाही आणि काट्यावरही नाही.

---

रेवती_भोसरी · मंगळवार, सकाळी १०:२०

चिनी अक्षरांचं कुणी पाहिलं का? मी फोनच्या कॅमेऱ्यातल्या भाषांतरात धरून पाहिलं. लेबलवर नावाच्या जागी आहे त्याचा अर्थ "खेळाडूंची पाण्याची बाटली" असा येतो. गरम राखणाऱ्या बाटलीला यातलं काहीतरी असायला हवं होतं:

```
保温   (उष्णता राखणारी)
真空   (व्हॅक्यूम)
```

यातली एकही जोडी त्या ओळीत नाही. शब्द नाही म्हणून वस्तू नाही, असं मी म्हणणार नाही. पण काकांच्या हिशोबाच्या विरोधातही जात नाही. चिनी येत नसलं तरी ही दोन चित्रं लक्षात ठेवता येतात.

---

अभिजित_रविवारपेठ · मंगळवार, सकाळी १०:४५

बारकोडबद्दल कुणी काहीच बोललं नाही. तो असता तर नक्की कळलं असतं.

---

गोदामकाका · मंगळवार, सकाळी ११:१०

नसतं कळलं, अभिजित. ८९० चा अर्थ एवढाच की तो क्रमांक भारतातल्या संस्थेने दिला. भारतातला आयातदार स्वतःच्या नावाचा ८९० घेऊन चीनमध्ये बनवलेल्या मालावर छापू शकतो, त्यात गैर काही नाही. कुठे बनला ते देशाचं नाव लिहिलेलं असतं तिथे वाचायचं. बारकोडचा उपयोग वेगळा आहे. मोठ्या पेटीवर १४ आकडी क्रमांक असतो. त्यातला पहिला आकडा आणि शेवटचा तपासणीचा आकडा सोडला की मधले १२ आकडे बऱ्याच वेळा आतल्या छोट्या खोक्यावरच्या १३ आकडी क्रमांकाच्या पहिल्या १२ शी जुळतात. जुळले तर पेटी त्याच मालाची असण्याची शक्यता वाढते. या पेटीवर तो नाहीच, म्हणून सोडून दिलं.

तुमचा एचएसएनचा मुद्दा मात्र पक्का आहे. मृणाल, पार्टीकडून बिलाचा मसुदा मागवा, त्यावर वस्तूचं नाव आणि एचएसएन लिहायला सांगा.

---

मृणाल_कर्वेनगर · मंगळवार, दुपारी ४:००

बिलाचा मसुदा आला. "स्टील बॉटल", एचएसएन ७३२३. व्हॅक्यूम हा शब्द कुठेच नाही. मी फोनवर विचारलं, तर म्हणाला बिलावर असंच लिहितात सगळे.

आता खरंच भीती वाटायला लागली आहे. पण मग नमुना एवढा चांगला कसा? तो त्यानेच तर पाठवला होता.

---

सोनल_वाघोली · मंगळवार, दुपारी ४:३५

नमुना दुसऱ्या लॉटमधला असणार. माझ्या चार्जरच्या वेळीही नमुना उत्तम होता. तेव्हापासून मी नमुना पार्टीने निवडलेला घेत नाही. गोदामातल्या रचलेल्या पेट्यांचा फोटो मागवते आणि मधल्या एखाद्या पेटीचा नंबर सांगते, हीच उघडा म्हणते.

---

गोदामकाका · मंगळवार, संध्याकाळी ६:१५

सोनलताईंनी नेमकं सांगितलं. नग क्रमांक इथेच कामाला येतो. मृणाल, थप्पीचा फोटो मागवा, त्यात दिसणाऱ्या क्रमांकांतले तीन तुम्ही निवडा, आणि व्हिडिओ कॉलवर त्या पेट्या तोलून दाखवायला सांगा. काटा आधी रिकामा दाखवायचा, शून्य दिसलं पाहिजे. मग पेटी ठेवताना तिचा क्रमांक आणि काट्याचा आकडा एकाच चौकटीत. कॅमेरा मध्ये बंद करायचा नाही. तीनपैकी एक पेटी तिथेच फोडायला लावा. फोडण्याआधी टेप जवळून बघा. एका टेपवर दुसरी टेप दिसली तर पेटी आधी उघडलेली आहे. कस्टमने तपासायला उघडली असेल किंवा माल बदलला असेल, फोटोवरून ते सांगता येत नाही. अशी पेटी निवडू नका एवढंच.

आणि छोट्या खोक्यावर दोन गोष्टी शोधा. एक, आयातदाराचा स्टिकर. त्यावर नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं, बनवल्याचा महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क. मोठ्या पेटीवरही आयातदाराचं नाव-पत्ता, वस्तू कोणती आणि नग किती, एवढं हवंच. दुसरं, आयएसआय चिन्ह. व्हॅक्यूम बाटलीला आता ते सक्तीचं आहे. मानक क्रमांक १७५२६. चिन्हाच्या वर आयएस क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, कुठल्या मालाचा आणि चालू आहे का ते दिसतं. दुकानात विकणारे तुम्ही असाल, त्यामुळे उद्या तपासणीला कुणी आलं तर प्रश्न तुम्हालाही विचारतील.

---

शिरीष_धनकवडी · मंगळवार, संध्याकाळी ७:००

एवढं करण्यापेक्षा क्लासला नाही म्हणून सांगा आणि मोकळं व्हा.

---

मृणाल_कर्वेनगर · मंगळवार, संध्याकाळी ७:२०

शिरीषदादा, जूनमध्ये क्लासेस सुरू होतात तेव्हाच माझा धंदा असतो. ही ऑर्डर सोडली तर पुढच्या वर्षी ते मला विचारणार नाहीत. उद्या कॉल करते.

---

मृणाल_कर्वेनगर · बुधवार, दुपारी १:३०

झाला कॉल. आधी काटा नाही म्हणाला, मग शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा आणला.

मी थप्पीतले ३७, ५२ आणि ११८ नंबर निवडले. वजनं आली ९.१, ९.२ आणि ९.१ किलो. लेबलवर ग्रॉस ९.२ होतं. म्हणजे लेबल खरं बोलत होतं!

११८ नंबर फोडायला लावली. बाटली हुबेहूब माझ्या नमुन्यासारखी, तोच निळा रंग, तसंच झाकण. मी त्याला आत बोट घालून तोंडाची कड दाखवायला सांगितली. माझ्या नमुन्याच्या कडेला दोन पत्रे जुळल्याची जाड गोल वळी आहे. त्याच्या बाटलीला नुसता एक पत्रा, धारेवर मुडपलेला. छोट्या खोक्यावर आयातदाराचं नाव नाही, एमआरपी नाही, आयएसआय नाही.

मी शांतपणे म्हटलं, ही व्हॅक्यूम नाही. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, व्हॅक्यूमचा लॉट वेगळा आहे, त्याचा भाव २८५, तुम्ही भाव पाडून मागितला म्हणून मी हा दाखवला. मी भाव पाडून मागितलाच नव्हता. तो आकडा त्याने स्वतः सांगितला होता. फोन ठेवल्यावर बराच वेळ हात थरथरत होते. काका, तुम्ही वजन करायला लावलं नसतं तर मी उद्या साडेएकतीस हजार भरले असते.

---

अभिजित_रविवारपेठ · बुधवार, दुपारी २:१०

तोंडाच्या कडेची खूण आम्हाला भांडेवाल्यांना आधी सुचायला हवी होती. त्या एकेरी बाटल्या सव्वाशेच्या आत मिळतात बाजारात. २१० म्हणजे फार झाले.

---

रेवती_भोसरी · बुधवार, दुपारी २:४०

मृणाल, एक सांगते. एकेरी स्टीलच्या पाण्याच्या बाटल्यांसाठीही वेगळं भारतीय मानक आहे, १७८०३. त्यामुळे "व्हॅक्यूम नाही तर निदान स्वस्तात घेऊ" असा विचार आला तरी चिन्ह तिथेही बघा.

---

मृणाल_कर्वेनगर · गुरुवार, सकाळी ११:५०

दुसऱ्या लॉटचं लेबल आलं. या वेळी मी न सांगता डॉक्युमेंट म्हणून पाठवलं.

```
PUNE-14
C/NO. 8
品名: 真空保温杯
CAPACITY: 500ML
QTY: 50 PCS
G.W.: 16.0 KGS
N.W.: 14.8 KGS
MEAS.: 37×37×54 CM
```

माझा मीच हिशोब केला. १४.८ भागिले ५० म्हणजे २९६ ग्रॅम. माझा नमुना २९८! रेवतीताईंनी दिलेली दोन्ही चित्रं नावात आहेत. छोट्या खोक्यावर स्टिकर आहे, आयएसआय पण आहे. पण पेटीवर पुणे-१४ असं का लिहिलंय? पुण्यात आणखी कुणाचा माल आहे का हा?

---

गोदामकाका · गुरुवार, दुपारी १२:३०

चांगला हिशोब केलात. तो बहुधा एजंटचा मार्का आहे. बरेच छोटे आयातदार एका एजंटमार्फत एकाच कंटेनरमध्ये माल टाकतात, आणि एजंट प्रत्येक गिऱ्हाइकाला गाव आणि आकडा देतो. म्हणजे हा माल पुण्यातल्या कुणा चौदा नंबरच्या गिऱ्हाइकासाठी निघाला असावा. तो भिवंडीत तुमच्या पार्टीकडे कसा आला, त्याने विकत घेतला की कुणी सोडून दिला, हे त्यालाच विचारावं लागेल. बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टममध्ये भरलेल्या कागदाची, प्रत मागा. किंमत झाकून दिली तरी चालेल. आयातदाराचं नाव, वस्तूचं वर्णन आणि नग एवढं दिसू दे. ते नाव छोट्या खोक्यावरच्या स्टिकरशी जुळायला हवं.

आणि अ‍ॅपमध्ये परवाना क्रमांक टाकून बघा. परवाना चालू आहे एवढ्यावर थांबू नका. ज्याचा परवाना आहे त्याच कारखान्याचं नाव खोक्यावर आहे का ते बघा. दुसऱ्याचा क्रमांक छापलेला माल मी पाहिलेला आहे.

---

मृणाल_कर्वेनगर · गुरुवार, रात्री ८:४५

परवाना चालू दाखवतोय, मानक १७५२६ आणि कारखान्याचं नाव खोक्यावरच्या नावाशी जुळतं. बिल ऑफ एंट्री मात्र "उद्या देतो" म्हणाला. पहिल्या लॉटच्या मोंबासाबद्दल विचारलं, तर विषयच बदलला.

पैसे भरलेले नाहीत. क्लासच्या सरांना सगळं खरं सांगितलं. ते २८५ च्या हिशोबाने द्यायला तयार आहेत आणि चार दिवस थांबतीलही. शनिवारी माझा भाऊ गाडी घेऊन येतोय, दोघं भिवंडीला जाऊ. इलेक्ट्रिक किटली बरोबर घेतेय. वेगवेगळ्या पेट्यांतल्या पाच बाटल्यांत उकळतं पाणी भरून अर्धा तास तिथेच बसणार. अभिजितदादा, तुमच्याकडे ताणकाटा असेल तर एक दिवस देता का? त्याच्या शेजाऱ्याच्या काट्यावर मला आता अवलंबून राहायचं नाही.

---

अभिजित_रविवारपेठ · गुरुवार, रात्री ९:०५

५० किलोचा ताणकाटा आहे. शुक्रवारी संध्याकाळी सातच्या आत दुकानातून घेऊन जा. निघण्याआधी एक लिटर पाण्याची भरलेली बाटली टांगून बघा, आणि भिवंडीत पोचल्यावर पुन्हा एकदा.